आधी सूचना, मग कागद

शिक्षकपदाच्या मुलाखतीत ‘आता एक पाठ घेऊन दाखवा’ असं सांगितलं जातं तेव्हा खोलीत मुलं क्वचितच असतात. संस्थेचे एकदोन पदाधिकारी, मुख्याध्यापक आणि विषयतज्ज्ञ समोर बसलेले असतात. कधी बाहेर थांबलेल्या इतर उमेदवारांनाच आत बोलावून बाकांवर बसवलं जातं आणि हे सगळे काही मिनिटांपुरते पाचवीचा वर्ग होतात. बी.एड.ला सराव पाठ घेतलेल्या माणसालाही हे जड जातं. सराव पाठाच्या वेळी निरीक्षक मागच्या बाकावर बसतो आणि पुढे खरी मुलं असतात. इथे मूलही तोच आणि निरीक्षकही तोच.

या पाठाला गुणही चांगले असतात. महाराष्ट्रात पवित्र पोर्टलमधून होणाऱ्या भरतीत ज्या खासगी संस्था मुलाखतीचा पर्याय घेतात, तिथे मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून ३० गुण ठेवलेले आहेत. केंद्रीय विद्यालयांच्या २०२२ च्या भरतीत तर प्रात्यक्षिक अध्यापनाला स्वतंत्र ३० आणि मुलाखतीला वेगळे ३० गुण होते. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत गुणांची अशी वाटणी जाहीर होत नाही, पण डेमो घेतल्याशिवाय नेमणूक सहसा होत नाही.

बहुतेक उमेदवार तयारी करतात ती आशयाची. पाठ टाचण नेटकं असतं. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, गृहपाठ हे टप्पे पाठ असतात. फलकलेखनाचा आराखडाही तयार असतो. पाठ अडतो तो दुसरीकडेच. मुलांनी काहीतरी करायचं असतं आणि नेमकं काय करायचं, हे त्यांना धड सांगितलेलं नसतं. समितीतले अनुभवी शिक्षक हीच जागा बघत असतात, कारण खऱ्या वर्गात गोंधळ सुरू होतो तो याच जागी.

पाचवीच्या गणितातला सममूल्य अपूर्णांकांचा पाठ घेऊ. वेळ दहा मिनिटं. एक द्वितीयांश आणि दोन चतुर्थांश हे सारखेच असतात, हे मुलांना कागदाच्या घड्या घालून पटवायचं आहे. कृती जुनी आणि चांगली आहे, साहित्य म्हणजे कोरे कागद आणि रंगीत खडू. उमेदवार आधी कागद वाटतो आणि वाटता वाटता बोलू लागतो: ‘सगळ्यांनी कागद घ्या, मधोमध घडी घाला, अर्धा भाग रंगवा, मग परत एक घडी घाला आणि किती भाग झाले ते बघा. समजलं ना सगळ्यांना?’

‘हो सर,’ असं उत्तर येतं आणि पाठ तिथेच ढासळायला लागतो. कुणी कागद उभा दुमडतो, कुणी आडवा, कुणी कोपऱ्याला कोपरा लावून तिरका. कुणी घडी उघडायच्या आधीच रंगवायला घेतो. घडी घातलेल्या कागदाच्या दोन्ही बाजू रंगवल्या की उघडल्यावर सगळा कागदच रंगलेला दिसतो, कारण त्या दोन्ही बाजू म्हणजे कागदाची एकच बाहेरची बाजू असते. शेजारीशेजारी बसलेल्या दोघांचे कागद मग एकमेकांशी जुळतच नाहीत. ज्या तुलनेसाठी एवढा खटाटोप केला, ती तुलना हातची जाते.

यात आणखी एक अडचण आहे. समोर मोठी माणसं असल्यामुळे हा गोंधळ उमेदवाराला दिसतही नाही. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं, त्यामुळे अर्धवट सूचनेतूनही ती अर्थ लावून बरोबर घडी घालतात आणि उमेदवाराला वाटतं की पाठ रंगला. समितीतला जाणता माणूस मात्र मनात ताडून बघत असतो की हेच वाक्य दहा वर्षांच्या चाळीस मुलांपुढे टाकलं तर काय होईल. म्हणून मानलेल्या वर्गापुढे सूचना खऱ्या वर्गापेक्षाही काटेकोर हव्यात. चुकल्याचा इशारा इथे मुलं देणार नसतात.

तीच कृती पुन्हा मांडून बघू. पहिला बदल क्रमाचा. कागद अजून उमेदवाराच्याच हातात आहेत. हातात वस्तू पडली की मुलाचं लक्ष वस्तूकडे जातं, म्हणून सूचना आधी आणि वाटप नंतर. तो थांबतो, सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे येईपर्यंत वाट बघतो आणि सांगतो: ‘आता जोडीत काम करायचं आहे. शेजारी बसलेले दोघं म्हणजे एक जोडी. दोघांना एकेक कागद मिळेल. खडू एकच, तो दोघांत.’ गट कसा, साहित्य किती, एवढंच यात आहे. घडीचा अजून शब्दही नाही.

मग तो स्वतःचा कागद उंच धरून घडी घालून दाखवतो. ‘कागदाची छोटी कड दुसऱ्या छोट्या कडेवर ठेवा. नखाने घडी दाबा. कागद उघडा.’ तीन वाक्यं, प्रत्येकात एकच काम आणि प्रत्येक काम हाताने करून दाखवलेलं. ‘मधोमध’ हा शब्द मोठ्यांना सोपा वाटतो, पण मूल मधोमध तीन तऱ्हांनी दुमडू शकतं. ‘छोटी कड छोट्या कडेवर’ म्हटलं की एकच तऱ्हा उरते. ‘उघडा’ ही सूचना क्षुल्लक वाटते, पण रंगवण्याचा सगळा घोळ तिच्या अभावी होतो. पुढची सूचना त्यानंतर: ‘वरचा अर्धा भाग तिरप्या रेघांनी रंगवा. एकाच बाजूने.’ पूर्ण रंगवायला लावलं तर तीन मिनिटं त्यातच जातात, रेघा मात्र अर्ध्या मिनिटात होतात.

यानंतर जोडीतली कामं वेगळी होतात, आणि सूचना सगळ्यात जास्त इथेच निसटते. ‘डावीकडे बसलेल्यांनी कागद तसाच ठेवायचा. उजवीकडच्यांनी आपली घडी परत मिटायची आणि पुन्हा छोटी कड छोट्या कडेवर आणून आणखी एक घडी घालायची. मग उघडायचा.’ इथे ‘समजलं का?’ विचारून काहीच कळत नाही. न समजलेलं मूलही हो म्हणतं, कारण नाही म्हणणं म्हणजे वर्गासमोर उघडं पडणं. त्याऐवजी सूचनेतलाच तुकडा विचारावा: ‘कागद तसाच कोण ठेवणार? नवी घडी कोण घालणार?’ डावीकडच्यांनी आणि उजवीकडच्यांनी हात वर केले की पाच सेकंदांत कळतं, सूचना पोचली की नाही. जोडीने बसलेल्या समितीच्या सदस्यांनाही हात वर करावे लागतात आणि तो वर्ग खरंच वर्गासारखा वागू लागतो.

शेवटी वेळ आणि थांबण्याची खूण. ‘दोन मिनिटं. मी फळ्यावर दोन टकटक केल्या की खडू खाली.’ हे न सांगता कृती सुरू केली की ती थांबवताना आवाज चढवावा लागतो, आणि मुलाखतीत चढलेला आवाज चांगला दिसत नाही. या सगळ्या सूचनांना मिळून जेमतेम दीड मिनिट लागतं. दहा मिनिटांतलं दीड मिनिट सूचनांवर घालवणं अनेकांना उधळपट्टी वाटते. तसं नाही, कारण नंतर फिरून प्रत्येक जोडीला वेगळं समजावण्यात याच्या दुप्पट वेळ जातो.

कृती चालू असताना उमेदवाराने बोलत राहू नये, फिरावं. समितीपुढे शांतता झाली की अनेकांना भीती वाटते आणि ते तेवढ्यात सममूल्य अपूर्णांकाची व्याख्या सांगून टाकतात. मग मुलांनी शोधायचं काही उरत नाही. प्रश्न विचारल्यावरही हेच होतं. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मुलाखतीच्या खोलीत तीन सेकंद फार लांबलचक वाटतात, म्हणून घरी आरशासमोर मनात आकडे मोजून त्याची सवय करावी लागते.

वर्ग मानलेला असला तरी समितीतलं कुणीतरी मुद्दाम चुकीचं उत्तर देतं. या पाठात ते उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ‘सर, दोन चतुर्थांश मोठा, कारण दोन आणि चार हे आकडे मोठे आहेत.’ खऱ्या पाचवीतही नेमकं हेच ऐकू येतं, म्हणून ते निवडलं जातं. ‘चूक, बसा’ म्हणणं वाईट, आणि घाईने नियम सांगणंही तितकंच वाईट. कागद हातात आहेत, तेच वापरावेत: ‘तुमच्या जोडीतले दोन्ही कागद शेजारी ठेवा. रंगवलेला भाग कुणाचा जास्त आहे?’ घड्या एकाच दिशेने घातलेल्या असल्यामुळे दोन्ही रंगवलेले भाग तंतोतंत सारखे दिसतात. एकाचे भाग दोन, रंगवलेला एक. दुसऱ्याचे भाग चार, रंगवलेले दोन. फळ्यावर १/२ = २/४ लिहायची वेळ आता येते, आधी नाही. अंश आणि छेद दोन्हींना दोनने गुणलं, हे मुलांकडूनच काढून घेता येतं.

संबोधनाचा पेच मराठी माध्यमाच्या मुलाखतीत हमखास येतो. पाचवीच्या मुलाला शिक्षक ‘तू सांग’ म्हणतो, पण समोर साठीचे मुख्याध्यापक बसलेले असताना जीभ अडते. काही जण मग ‘सर, आपण सांगाल का?’ म्हणतात आणि वर्गाचा भास मोडतो. सोपी वाट अशी की सुरुवातीला ‘सर, पाठ सुरू करू का?’ म्हणून परवानगी घ्यावी, आणि एकदा ‘मुलांनो’ म्हटलं की शेवटपर्यंत ‘मुलांनो’च राहावं. एकेकट्याला बोलवताना ‘खिडकीजवळचा हात वर आहे, सांगा बरं’ म्हटलं तर तू-तुम्हीचा प्रश्न उरत नाही, आणि पाचवीलाही ते ऐकायला चांगलं वाटतं.

साहित्य स्वतःचं न्यावं. दहाबारा कागद, तीनचार रंगीत खडू, फळ्यासाठी आपला चॉक. शाळेत डिजिटल फळा असला तरी त्यावरच विसंबू नये. आणि दहा मिनिटं सांगून सहाव्या मिनिटाला ‘ठीक आहे, थांबा’ म्हटलं जाण्याची तयारी ठेवावी. ते नापसंतीचंच लक्षण असतं असं नाही, बाहेर पुढचे उमेदवार ताटकळत असतात. अशा वेळी उरलेलं घाईने सांगून टाकण्यापेक्षा संकलनाचा एकच प्रश्न विचारावा: ‘याच कागदाला आणखी एक घडी घातली तर रंगवलेले भाग किती, आणि एकूण किती?’ चार आणि आठ असं उत्तर आलं की पाठाचं काम झालं.

पाठ संपल्यावर समितीकडून बहुधा एक प्रश्न येतो: ‘हाच पाठ पुन्हा घ्यायचा झाला तर काय बदलाल?’ इथे ‘आणखी वेळ मिळाला असता तर’ हे उत्तर कुणालाही देता येतं. ‘उजवीकडच्या जोडीने घडी परत न मिटताच दुसरी घडी घातली, म्हणून ती पायरी मी पुढच्या वेळी फळ्यावर चित्र काढून दाखवेन’, हे उत्तर समोरच्या माणसांकडे खरंच पाहिलेल्यालाच सुचतं.