हा शोधनिबंध माझ्या आवाक्यातला नाही

समजा, कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींवर वीस वर्षं काम केलेल्या एक मृदाशास्त्रज्ञ आहेत. एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाच्या संपादकाची मेल त्यांना येते: ‘मातीतल्या क्षारांवरचा एक शोधनिबंध आमच्याकडे आला आहे, आपण तो तपासाल का?’ सोबत शीर्षक आणि सारांश असतो. पूर्ण हस्तलिखित बहुतेक वेळा होकार दिल्यावरच उघडतं, त्यामुळे निर्णय या सारांशावरच घ्यायचा असतो.

सारांश वाचताना बाई थबकतात. विषय त्यांचाच आहे, पण पद्धत नाही. लेखकांनी एका दूरच्या त्रिभुज प्रदेशातली क्षारता उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून आणि संगणकाला शिकवलेल्या प्रारूपावरून काढली आहे आणि अंदाज 90 टक्क्यांहून अधिक बरोबर आल्याचा दावा केला आहे. मेल बाईंपर्यंत आली ती बहुधा समीक्षकांच्या यादीत त्यांच्या नावापुढे ‘मृदा क्षारता’ लिहिलेलं असल्यामुळे.

परका विषय ओळखणं सोपं असतं, फसवतो तो अर्धा ओळखीचा विषय. बाईंनी होकार दिला, तर नमुने किती खोलीवरून घेतले, विद्युतवाहकता कशी मोजली, हे त्या नीट तपासतील. पण निबंधाचा जीव त्या 90 टक्क्यांत आहे. ज्या नमुन्यांवर प्रारूप शिकवलं, त्यांच्या शेजारच्याच बांधावरचे नमुने चाचणीला वापरले असतील, तर माती जवळपास तीच असल्याने उत्तर बरोबर येणारच. दूरच्या गावात तेच प्रारूप सपशेल चुकू शकतं. शिवाय रडारचा परतावा ओलाव्याने आणि ढेकळांनीही बदलतो, तेव्हा प्रतिमेत दिसतंय ते मीठ की पाणी? असा प्रश्न बाईंना पडू शकतो, पण लेखकांचं उत्तर पुरेसं आहे का, हे त्यांना ठरवता येणार नाही. त्यांचा ‘ठीक आहे’ हा शेरा मात्र संपादक संपूर्ण निबंधाला लागू धरतील.

म्हणून नकार, आणि तोही दोन-तीन दिवसांत. गप्प राहिल्यास संपादक आठवडा-दोन आठवडे वाट पाहतो, आणि तेवढा काळ लेखकांचा निबंध नुसता पडून राहतो. असं पत्र प्रत्यक्षात इंग्रजीत जाईल. त्याचा आशय असा:

‘आपण माझा विचार केलात, आभारी आहे. मी क्षारपड जमिनींचं क्षेत्रीय मापन आणि निचरा यांवर काम करते. या निबंधाचा मुख्य दावा रडार प्रतिमा आणि प्रारूपाच्या पडताळणीवर उभा आहे, आणि त्याचं मूल्यमापन करण्याइतकं ज्ञान माझ्याकडे नाही. त्यामुळे मी नकार देत आहे. खाली तीन नावं सुचवते. पहिले संशोधक रडारवरून मातीचा ओलावा मोजतात. दुसऱ्या संशोधक अशा प्रारूपांची चाचणी कशी घ्यावी यावर लिहितात. तिसऱ्यांनी त्रिभुज प्रदेशांतल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला आहे. तिघांपैकी कोणाशीही मी एकत्र लेखन केलेलं नाही. दुसरे समीक्षक प्रारूप पाहणार असतील, तर नमुने आणि प्रयोगशाळेचा भाग तेवढा मी तपासू शकते.’

नकाराचं कारण दोनच वाक्यांत आलं आहे, पण त्यातून कोणत्या कौशल्याचा माणूस शोधायचा हे संपादकाला कळतं. नुसतं ‘वेळ नाही’ लिहिलं असतं, तर त्याने पुढची मेल दुसऱ्या एखाद्या मृदाशास्त्रज्ञालाच पाठवली असती.

नावं शोधायला अर्धा तास तरी द्यावा. याच पद्धतीवरचे अलीकडचे निबंध पाहावेत आणि त्यांतल्या पहिल्या लेखकाकडे लक्ष द्यावं. तो बऱ्याचदा नुकती पीएचडी झालेला असतो, पण प्रत्यक्ष गणित त्यानेच केलेलं असतं. लेखक माहीत असतील, तर सुचवलेली व्यक्ती त्यांची सहलेखक, मार्गदर्शक किंवा एकाच संस्थेतली नाही ना, हेही पाहावं. ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ची समीक्षकांसाठीची सूचना स्पष्ट आहे: पर्यायी नाव योग्यतेवरून द्यावं, वैयक्तिक कारणाने, किंवा निबंध स्वीकारला जावा वा फेटाळला जावा या हेतूने नाही.

ईमेलचा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. 2014 मध्ये सेज या प्रकाशनसंस्थेने ‘जर्नल ऑफ व्हायब्रेशन अँड कंट्रोल’मधले 60 शोधनिबंध मागे घेतले, कारण बनावट ओळखी तयार करून समीक्षा मिळवल्या गेल्याचं उघड झालं होतं. तेव्हापासून नुसता जीमेलचा पत्ता दिसला की संपादक सावध होतात.

एक चूक मात्र भली माणसंही करतात. ‘तुला जमेल का बघ’ म्हणून सारांश परस्पर सहकाऱ्याला पाठवतात. निमंत्रणासोबत आलेला मजकूर गोपनीय असतो, नकार दिल्यावरही. सुचवलेल्या माणसाला विचारणं संपादकाचं काम आहे.

पत्र गेल्यावर बाई नियतकालिकाच्या पोर्टलवर जातात. आपल्या नावापुढचा ‘मृदा क्षारता’ हा शब्द त्या तसाच ठेवतात आणि त्याला जोडून लिहितात: ‘क्षेत्रीय नमुने, प्रयोगशाळा विश्लेषण, भूमिगत निचरा’.