ऐंशी टक्के आज, उरलेले कधी?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणून अमेरिकेला पाठवणारा एक छोटा कारखानदार डोळ्यांसमोर आणा. सूत रोखीने घ्यायचं, मजुरी दर आठवड्याला वाटायची आणि गिऱ्हाईक पैसे देणार बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून ९० दिवसांनी. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा काठोकाठ भरलेली. अशा वेळी सिंगापूरच्या किंवा लंडनच्या एखाद्या फायनान्स कंपनीचं पत्र मेलवर येतं: इनव्हॉइसच्या ८० टक्के रक्कम ४८ तासांत, तारण नको, व्याज ‘सोफर अधिक ६ टक्के’, शुल्क फक्त १ टक्का आणि वर ठळक अक्षरांत ‘नॉन-रिकोर्स’. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर तुमच्याकडे मागणार नाही.

पत्र खोटं नसतं. पण त्याच्या मागे वीस-बावीस पानांचा करार असतो आणि पत्रातल्या प्रत्येक गोड शब्दाचा अर्थ त्या करारातली कलमं ठरवतात.

आधी व्यवहाराचं स्वरूप. उधारीचं बिल वटवून मुदतीआधी पैसे उचलणं ही आपल्याकडची जुनीच रीत. इनव्हॉइस डिस्काउंटिंगमध्ये साधारण तेच होतं. वसुली तुमच्याकडे राहते, बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला या व्यवहाराचा पत्ताही नसतो आणि त्याने पैसे दिले नाहीत तर फायनान्सरचे पैसे तुम्हीच भरायचे. फॅक्टरिंगमध्ये तुम्ही ती येणी फायनान्सरच्या नावावर करून देता. तशी नोटीस गिऱ्हाइकाला जाते, पुढच्या प्रत्येक इनव्हॉइसवर फायनान्सरचा खाते क्रमांक छापावा लागतो आणि वसुलीचा तगादाही तोच लावतो. मात्र पत्रांत ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. त्यामुळे नावाकडे न बघता तीन गोष्टी करारात शोधाव्यात: नोटीस जाणार का, पैसे कोणाच्या खात्यात येणार आणि बुडाले तर कोणाचे.

आता हिशेब. समजा इनव्हॉइस ५०,००० डॉलरचं आहे आणि ८० टक्के म्हणजे ४०,००० डॉलर लगेच मिळाले. उरलेले १०,००० फायनान्सरकडे राखीव. ‘सोफर’ हा डॉलरच्या कर्जांसाठीचा पायाभूत दर. लिबॉर बंद झाल्यापासून बहुतेक करारांत तोच असतो आणि तो बदलता असतो. सोयीसाठी तो ४ टक्के धरू. म्हणजे एकूण दर १० टक्के. डॉलरच्या व्यवहारात वर्ष ३६० दिवसांचं धरतात, तेव्हा ४०,००० वर ९० दिवसांचा वटाव झाला १,००० डॉलर. शुल्क १ टक्का, पण ते हातात आलेल्या ४०,००० वर नसून संपूर्ण ५०,००० वर असतं. म्हणजे ५०० डॉलर. एकूण १,५०० डॉलर देऊन तुम्ही ४०,००० डॉलर तीन महिने वापरले. वर्षाच्या हिशेबाने हा दर १५ टक्के होतो. पत्रातले १० आणि १ मनातल्या मनात जोडून आपण ११ धरून चाललेलो असतो.

आणि हे सगळं गिऱ्हाइकाने वेळेवर पैसे दिले तर. करारात बहुधा एक ओळ असते की ९० दिवसांनंतर दर १५ दिवसांना, किंवा त्याच्या कोणत्याही भागाला, अर्धा टक्का जादा शुल्क. गिऱ्हाईक महिनाभर उशिरा उगवलं, तर वटावाचे आणखी ३३३ आणि शुल्काचे आणखी ५०० डॉलर लागतात. एकूण खर्च २,३३३ आणि दर साडेसतरा टक्क्यांवर. ‘किंवा त्याच्या कोणत्याही भागाला’ हे शब्द निरुपद्रवी दिसतात, पण सोळाव्या दिवशी पैसे आले तरी दोन हप्ते लागू होतात.

याहून जड कलम असतं किमान वार्षिक शुल्काचं. समजा करारात ते ६,००० डॉलर आहे. आपला सोलापूरकर वर्षात अशी चारच इनव्हॉइसं देतो, एकानंतर एक. त्याचं शुल्क होतं २,००० डॉलर, पण भरावे लागतात ६,०००. त्यात वटावाचे ४,००० मिळवा. वर्षभर ४०,००० डॉलर वापरल्याचा खर्च १०,००० डॉलर, म्हणजे २५ टक्के. गिऱ्हाइकाने एकदाही उशीर केलेला नाही, तरीही. माझ्या मते छोट्या निर्यातदाराने घासाघीस करायची तर दरातल्या अर्ध्या टक्क्यासाठी न करता हे किमान शुल्क काढून टाकण्यासाठी करावी. त्याच्या शेजारीच ‘सगळी इनव्हॉइसं आम्हालाच द्यायची’ असं कलम असतं का, तेही बघावं.

आता ‘नॉन-रिकोर्स’. हा शब्द वाचून निर्यातदार निर्धास्त होतो आणि गडबड नेमकी इथेच असते. फायनान्सर जी जोखीम उचलतो ती फक्त गिऱ्हाइकाच्या ऐपतीची. गिऱ्हाइकाचं दिवाळं निघालं किंवा मान्य असलेलं देणं त्याने दीर्घकाळ थकवलं, तर नुकसान फायनान्सरचं. तेसुद्धा त्या गिऱ्हाइकासाठी मंजूर केलेल्या मर्यादेपर्यंत. पण गिऱ्हाइकाने मालाबद्दल तक्रार केली, की तो ‘व्यापारी वाद’ ठरतो आणि संरक्षण तिथेच थांबतं. फॅक्टरिंग कंपन्यांची एफसीआय ही १९६८ साली स्थापन झालेली जागतिक संघटना आहे. तिच्या नियमांतही असंच आहे. आयातदाराच्या देशातला फॅक्टर हमीची रक्कम देय तारखेनंतर ९० व्या दिवशी देतो, पण त्याआधी वाद उभा राहिला तर हमी स्थगित होते.

टॉवेलच्या धंद्यात वाद निघायला फार काही लागत नाही. ऑर्डर ५०० जीएसएमची होती, आमच्या चाचणीत ४८० भरलं. रंग नमुन्याशी जुळत नाही. कार्टनवरचं लेबल चुकीच्या जागी आहे. माल गोदामात आठ दिवस उशिरा पोचला. अमेरिकेतले मोठे दुकानदार अशा कारणांवरून बिलातून परस्पर रक्कम कापून घेतात, आणि आयातदार तो भार मागे आपल्यावर ढकलतो. कापलेली रक्कम छोटी असेल तर ती राखीव १०,००० मधून वळती होते. वरच्याच उदाहरणात गिऱ्हाईक महिनाभर उशिरा आलं आणि त्याने २,००० डॉलर कापले, तर राखीव रकमेतून २,३३३ चा खर्च आणि हे २,००० जाऊन हातात येतात ५,६६७. पण गिऱ्हाइकाने अख्ख्या कन्साइनमेंटवर बोट ठेवलं, तर ‘पुनर्खरेदी’चं कलम जागं होतं: सात दिवसांत ४०,००० डॉलर आणि तोवरचे सगळे आकार परत करा. ते पैसे तर कधीच सुतात आणि मजुरीत गेलेले असतात. शिवाय मिळाले तेव्हाच्या भावाने रुपये झाले होते, आता डॉलर महागला असेल तर फरकही आपल्याच अंगावर.

म्हणून करारातली ‘वादा’ची व्याख्या शब्दन् शब्द वाचावी. ‘गिऱ्हाइकाने कोणत्याही कारणाने पैसे नाकारल्यास’ असं लिहिलेलं असेल, तर वर ठळक अक्षरांत काहीही असो, ते नॉन-रिकोर्स नाही. मागणी अशी करावी: माल हाती आल्यापासून ३० दिवसांत, लेखी आणि कारणासह आलेली तक्रारच वाद धरावी, वाद जेवढ्या रकमेचा तेवढ्याच रकमेची पुनर्खरेदी व्हावी, वाद मिटवायला किमान ६० दिवस मिळावेत. आणि माल निघण्याआधी त्रयस्थ संस्थेचा तपासणी अहवाल घेऊन ठेवावा. दिवाळखोरीत निघालेलं गिऱ्हाईक अनेकदा आधी मालाला नावं ठेवतं, आणि त्या वेळी हा कागदच आपल्या बाजूने बोलतो.

तिसरी अडचण परदेशात नसून सोलापुरातच असते. कॅश क्रेडिट देताना बँकेने साठा आणि येणी दोन्ही नजरगहाण घेतलेली असतात. तीच येणी परदेशी कंपनीच्या नावावर करून देणं म्हणजे एकच वस्तू दोघांना देण्यासारखं. त्यामुळे बँकेचं ना-हरकत पत्र आधी हवं, आणि त्यात कोणत्या गिऱ्हाइकाची येणी मोकळी केली ते स्पष्ट हवं. फायनान्सरही ते मागतोच. मागितलं नाही तर त्या फायनान्सरबद्दल मला शंका येईल.

त्याच बँकेत दुसरा प्रश्नही आहे. प्रत्येक शिपिंग बिलाची नोंद रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत असते आणि ठरलेल्या मुदतीत पूर्ण रक्कम आल्याशिवाय ती मिटत नाही. इथे पैसे येणार दोन तुकड्यांत, पाठवणारा आयातदार नसून तिसराच आणि खर्च कापून कमी झालेले. वटाव, शुल्क आणि गिऱ्हाइकाने कापलेली रक्कम यांचा कागदोपत्री मेळ नसेल तर नोंद उघडी राहते. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये बँकांना निर्यात फॅक्टरिंगची मुभा दिली ती नॉन-रिकोर्स तत्त्वावर. पैसे परत करण्याची जबाबदारी आपल्यावरच राहणार असेल, तर परदेशी कंपनीकडून आलेली ती रक्कम कर्जासारखी दिसू लागते आणि परकीय कर्जाचे नियम वेगळे आहेत. सही करण्यापूर्वी कराराचा मसुदा बँकेच्या परकीय चलन विभागाला दाखवून लेखी उत्तर घ्यावं. गुजरातेतल्या गिफ्ट सिटीत २०२१ च्या चौकटीनुसार अशा व्यवहारांसाठी ऑनलाइन मंच आहेत आणि परदेशी फायनान्सर त्यांवरून इनव्हॉइसं घेऊ शकतात. पत्र पाठवणारा त्या मार्गाने येतो का, हेही विचारता येतं.

नोटिशीचंही एक आहे. अमेरिकेत येणी हस्तांतरित झाल्याची नोटीस मिळाल्यावर गिऱ्हाइकाने फायनान्सरलाच पैसे द्यायचे असतात. पण त्यांच्या हिशेबनिसाने सवयीने जुन्याच खात्यावर रक्कम पाठवली, तर ती सोलापुरात येऊन पडते. करार म्हणतो की ती तुमची नाही, लगेच आमच्याकडे पाठवा. डॉलर परत बाहेर पाठवायचे तर बँक पुन्हा कागद मागणार, आणि तोवर वटाव चालूच. म्हणून पहिलं इनव्हॉइस जाण्याआधी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स विभागाकडून नवं खातं नोंदवल्याची पोच घ्यावी.

एवढं असूनही पत्र केराच्या टोपलीत टाकावं असं नाही. बँकेची मर्यादा शिल्लक असेल तर बँकेचं निर्यात कर्ज आणि ईसीजीसीची पॉलिसी ही जोडी सहसा स्वस्त पडते. मालाबद्दलचा वाद मिटल्याशिवाय ईसीजीसीही पैसे देत नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. मर्यादा संपलेली असेल तर तुलना बँकेच्या दराशी न करता हातची जाणाऱ्या ऑर्डरशी करावी लागते. ५०,००० डॉलरच्या ऑर्डरवर ८ टक्के, म्हणजे ४,००० डॉलर सुटत असतील, तर साध्या हिशेबात १,५०० जाऊन २,५०० हातात राहतात. किमान शुल्काचं कलम तसंच राहिलं तर दर इनव्हॉइसमागे २,५०० फायनान्सरला आणि १,५०० आपल्याला. त्यातून गिऱ्हाइकाने २,००० कापले, तर ती ऑर्डर ५०० डॉलरच्या तोट्यात केलेली असते.