शूर, धीट की निर्भय?

गोष्टीतली मुलगी सात-आठ वर्षांची असली आणि संकटात डगमगली नाही, की लेखकाच्या लेखणीतून पहिल्याच परिच्छेदात ‘शूर’ हा शब्द उतरतो. मराठीत शब्दांना तोटा नाही: धीट, धाडसी, हिमतीची, धीराची, बेडर, निर्भय, पराक्रमी. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. भीती कुठे आहे, मुळात आहे की नाही आणि मुलगी तिचं काय करते, यावरून शब्द ठरतो.

नील गेमन या इंग्रज लेखकाची ‘कॉरलाइन’ ही 2002 सालची बालकादंबरी यासाठी तपासून पाहण्यासारखी आहे. कॉरलाइन वयाच्या मानाने लहानखुरी. नव्या घरी राहायला आल्यावर तिला बजावलेलं असतं, जुन्या विहिरीकडे फिरकू नकोस. म्हणून ती आधी विहीरच शोधून काढते. सुरुवातीच्या या कॉरलाइनला ‘धीट’ म्हणावं. धीट मूल अनोळखी माणसाशी बोलतं, अनोळखी जागी शिरतं. त्याला धोक्याचा अंदाज असतोच असं नाही. हा शब्द संस्कृतातल्या ‘धृष्ट’वरून आला, त्यामुळे आगाऊपणाची किंचित छटा त्यात अजून आहे. विहीर शोधणाऱ्या मुलीला ती छटा शोभतेही.

पुढे घरातल्या एका दारापलीकडे तिला दुसरं घर सापडतं. तिथे डोळ्यांच्या जागी काळी बटणं असलेली ‘दुसरी आई’ राहते. ती कॉरलाइनच्या खऱ्या आईवडिलांना पळवते आणि त्यांना सोडवायला कॉरलाइन मेणबत्ती घेऊन काळोख्या बोळातून पुन्हा तिकडे निघते. आता तिला धोका पुरता ठाऊक आहे. चालता चालता ती सोबतच्या मांजराला वडिलांचा एक प्रसंग सांगते.

एकदा दोघं माळावर फिरत असताना वडिलांचा पाय गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पडला. त्यांनी तिला पळायला सांगितलं आणि ती दूर जाईपर्यंत स्वतः डंख खात उभे राहिले. तिला एकच डंख बसला, त्यांना 39. या गडबडीत त्यांचा चष्मा तिथेच पडला होता, तो आणायला ते नंतर परत गेले. कॉरलाइनच्या मते डंख खात उभं राहणं हे शौर्य नव्हतं. त्या क्षणी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि घाबरायला वेळही नव्हता. माश्या तिथे आहेत हे माहीत असून, भीती वाटत असून चष्म्यासाठी परत जाणं, हे खरं.

मराठीत या दुसऱ्या कृतीला ‘हिंमत’ म्हणतात. ‘हिंमत केली’ किंवा ‘धीर एकवटला’ म्हणताना काहीतरी आडवं आलेलं होतं हे गृहीतच असतं. इथे ‘निर्भय’ लिहिलं तर प्रसंगाचा प्राणच जातो, कारण निर्भय माणसाला भीती ओलांडावी लागत नाही. ‘पराक्रमी’ आणि ‘शूर’ या शब्दांना रणांगणाचा वास आहे. मेणबत्ती धरलेल्या मुलीच्या अंगावर ते मोठ्या भावाच्या सदऱ्यासारखे ढगळ होतात. ‘मर्दुमकी’त तर ‘मर्द’च बसलेला आहे.

शेवटी दुसऱ्या आईचा तुटलेला हात किल्लीच्या मागावर इकडे येतो. कॉरलाइन विहिरीवरच्या फळ्या बाजूला करते, तोंडावर कागदी टेबलक्लॉथ पसरते आणि तो जागचा हलू नये म्हणून कडेने बाहुल्यांचे पाणी भरलेले कप ठेवते. मधोमध किल्ली ठेवून बाहुल्यांच्या चहापार्टीचं नाटक करते. हात किल्लीवर झेप घेतो आणि कागदासकट विहिरीत जातो. हे ‘धाडस’. यात जोखीम जाणूनबुजून घेतलेली आहे, आणि डोकंही चालवलेलं आहे. 2009 सालच्या चित्रपटात या प्रसंगी वायबी नावाचा मुलगा तिच्या मदतीला येतो. पुस्तकात हा मुलगाच नाही, त्यामुळे तिथलं धाडस सर्वस्वी तिचं.

‘निर्भय’ला पुस्तकात जागा मिळते ती अखेरच्या पानांत. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होणार असते. एरवी आदल्या रात्री तिच्या पोटात गोळा आला असता; आता शाळेतल्या कशाचीच तिला धास्ती वाटत नाही. पहिल्या पानावर हाच शब्द नुसती स्तुती ठरला असता.

लहान मुलीची गोष्ट लिहिणाऱ्याने म्हणूनच विशेषण हात राखून वापरावं. तिचे हात कापत होते का, परत फिरण्याची वाट मोकळी होती का, हे आधी दाखवावं. तेवढं नीट दाखवलं, तर ती हिमतीची आहे हे वाचणारं मूल स्वतःच म्हणतं.