काटा सुरावर येतो, मेंदू त्याआधीच सरसावतो

मारवा ऐकताना सरावलेल्या श्रोत्याला एक ओढ जाणवते. गायक कोमल ऋषभ आणि धैवताभोवती फिरत राहतो आणि षड्ज मात्र टाळतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांवर तो अखंड वाजत असतो, कानाला तो हवाहवासा झालेला असतो, पण प्रत्येक आलापात गायक त्याला वळसा घालून पुढे जातो. मग बऱ्याच वेळानं एकदा तो सा सरळ, ठेहरावानं लागतो. सभागृहातून एकदम दाद येते आणि कित्येकांच्या हातावर काटा उभा राहतो.

या काट्याबद्दल आपण जे काही बोलतो ते बहुधा त्या एका क्षणाबद्दल असतं. तो सूरच तसा होता, आवाजच तसा होता, शब्दच काळजाला भिडणारे होते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र त्या क्षणाच्या आधीचे काही सेकंद तपासले, आणि खरी गंमत तिथे निघाली. आपल्या बऱ्याच गैरसमजांचं उत्तर त्या काही सेकंदांत आहे.

‘काटा येणं म्हणजे नुसती बोलायची पद्धत’

काटा खरोखर येतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि भोवतालची कातडी किंचित फुगते. या स्नायूवर आपला ताबा नसतो. मोजके अपवाद सोडले तर ठरवून कुणालाही काटा आणता येत नाही. त्याची सूत्रं अनुकंपी चेतासंस्थेकडे असतात. छातीची धडधड, हाताला सुटणारा घाम या गोष्टीही तीच सांभाळते. म्हणूनच प्रयोगशाळेत बोटांना संवेदक लावून हे सगळं मोजता येतं. काटा येण्याच्या सुमारास श्वास आणि नाडीची गती वाढते, घामामुळे कातडीतून वीज जरा सहज वाहते आणि बोटांचं तापमान थोडं उतरतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांत स्तंभ, स्वेद, कंप, अश्रू यांच्या रांगेत रोमांच आहे. घाम, थरथर आणि अश्रू यांच्यासोबत त्याला बसवणाऱ्यांची नजर किती नेमकी होती, हे आजच्या मोजमापांकडे पाहिलं की कळतं.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवायला हवा. संशोधकांनी कातडीवर कॅमेरा रोखून केस उभे राहतात का हे पाहिलं, तेव्हा माणूस ‘आता शहारा आला’ म्हणतो आणि केस खरंच उभे राहतात या दोन गोष्टी दर वेळी जुळल्या नाहीत. मानेपासून पाठीत उतरणारी शिरशिरी आणि हातावरचा काटा एकमेकांच्या सोबतीनं येतात, पण एकमेकांवाचूनही येऊ शकतात.

‘थंडीनं किंवा भीतीनं येतो तोच हा काटा’

स्नायू तोच, पण मेंदूतलं चित्र वेगळं. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात मॅकगिल विद्यापीठाच्या ॲन ब्लड आणि रॉबर्ट झातोरे यांनी 2001 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगीताचं शिक्षण घेतलेल्या दहा जणांना त्यांनी स्वतःला हमखास शहारे आणणारं संगीत निवडून आणायला सांगितलं आणि ते ऐकवताना मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. शहारा जितका तीव्र, तितका मेंदूच्या खोल भागातल्या बक्षीस-व्यवस्थेतला रक्तप्रवाह वाढलेला दिसला. भूक लागल्यावर समोर आलेलं ताट, पैसे जिंकणं, मादक द्रव्यांची नशा, या सगळ्यांत जी व्यवस्था जागी होते तीच ही. भीतीशी ज्याचं नाव कायम जोडलं जातं त्या अमिग्डालातला रक्तप्रवाह मात्र उलट कमी झाला. धोक्याच्या वेळी अंगावर काटा आणणारी यंत्रणा कामाला लागलेली आहे आणि तरीही धोक्याची घंटा मंदावलेली आहे, असं हे दुर्मीळ जुळणं आहे. घाबरल्यासारखं शरीर होतं आणि तरी तेच गाणं पुन्हा लावावंसं वाटतं, ते यामुळे.

‘सुंदर सूर कानी पडला की डोपामिन सुटतं आणि काटा येतो’

हा सगळ्यांत पसरलेला आणि अर्धवट खरा असलेला समज. डोपामिनचा संबंध आहेच. पण ते केव्हा सुटतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर झातोरे यांच्याच प्रयोगशाळेत व्हॅलोरी सलीमपूर यांनी 2011 साली दिलं. या विषयातला हा मला सर्वांत देखणा वाटलेला प्रयोग आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

आधी अशी माणसं हवी होती ज्यांना ठरलेल्या रचनेत, ठरलेल्या जागी, दर वेळी शहारा येतो. दोनशेहून अधिक जणांमधून गाळत गाळत शेवटी आठ उरले. अट अशी होती की संगीत फक्त वाद्यांचं असावं, त्यात शब्द नकोत; शिवाय एखाद्या व्यक्तीची किंवा प्रसंगाची आठवण त्याला चिकटलेली नको. म्हणजे शहारा आला तो शब्दांमुळे की आठवणीमुळे, ही शंकाच उरू नये.

मग दोन वेगवेगळी यंत्रं वापरली. पहिलं पीईटी स्कॅनचं. यात रॅक्लोप्राइड नावाचा किंचित किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. तो मेंदूत डोपामिनच्या बसायच्या जागा अडवतो. स्वतःचं डोपामिन सुटलं की या पदार्थाला तिथे कमी जागा मिळते, आणि स्कॅनमध्ये त्याची घट दिसते. त्यावरून डोपामिन कुठे सुटलं ते कळतं. पण हे यंत्र संथ आहे. कोणत्या सेकंदाला सुटलं हे ते सांगू शकत नाही. म्हणून त्याच लोकांना तेच संगीत एमआरआयमध्ये ऐकवलं. शहारा आला की त्यांनी बटण दाबायचं. आता शहाऱ्याचा क्षण आणि त्याआधीचे काही सेकंद वेगळे काढून पाहता आले.

निकाल असा: शहाऱ्याच्या क्षणी न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाचा भाग उसळला. त्याच्या आधीच्या सेकंदांत मात्र कॉडेट नावाचा दुसरा भाग कामाला लागलेला होता, आणि पीईटीनं या दोन्ही ठिकाणी डोपामिन सुटल्याचं दाखवलं. कॉडेटचे धागेदोरे आडाखे बांधणाऱ्या, वाट पाहणाऱ्या मेंदूच्या पुढच्या भागांशी जुळलेले आहेत. थोडक्यात, सूर लागण्याआधी, तो लागणार या चाहुलीवरच मेंदूचा आनंद सुरू झालेला असतो.

आता मारव्याकडे पुन्हा पाहा. गायक सा टाळत असताना आपण नुसते ताटकळत नसतो. त्या टाळण्यातच अर्धं सुख आहे, असं मी या निकालावरून ठामपणे म्हणेन. विलंबित एकतालात मुखडा जवळ यायला लागला की श्रोत्यांच्या माना आपोआप सावरतात आणि समेवर हात पडतो, त्यामागेही हीच वाट पाहणं असावं. तिहाईची तर सगळी रचनाच तशी आहे: पहिल्या दोन खेपांत ऐकणाऱ्याला हिशेब कळतो आणि तिसऱ्या खेपेला तो समेची वाट बघतो.

यातूनच आणखी एक समज निकालात निघतो. पहिल्यांदा ऐकताना धक्का बसतो म्हणून काटा येतो, असं पुष्कळ जण मानतात. तसं असतं तर शंभरदा ऐकलेलं गाणं निष्प्रभ झालं असतं. अनुभव उलटा आहे. ओळखीच्या संगीतात शहारे जास्त येतात, कारण पुढची जागा ठाऊक असल्याशिवाय तिची वाट पाहता येत नाही. अनपेक्षित स्वरावळ, एकदम वाढलेला आवाज, वाद्यवृंदातून अचानक वर आलेलं एकटं वाद्य, अशा ठिकाणी शहारे येतात हे अनेकांनी नोंदवलं आहे. पण ती जागा माहीत झाली म्हणून तिची धार जात नाही.

डोपामिन हे कारण आहे की फक्त सोबत दिसणारी गोष्ट, ही शंकाही रास्त होती. बार्सिलोनातल्या संशोधकांनी ती 2019 साली तपासली. त्याच 27 जणांना वेगवेगळ्या दिवशी डोपामिन वाढवणारं लेव्होडोपा, त्याची वाट अडवणारं रिस्पेरिडोन आणि औषध नसलेली साधी गोळी दिली. लेव्होडोपानं संगीताचा आनंद वाढला, रिस्पेरिडोननं कमी झाला. तरी सगळं श्रेय एकट्या डोपामिनला देऊ नये. अमेरिकेत ॲव्हरम गोल्डस्टीन यांनी 1980 सालीच मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांना रोखणारं नॅलॉक्सोन दहा जणांना देऊन पाहिलं होतं. त्यातल्या तिघांचे शहारे कमी झाले. पाहणी छोटी होती, पण एका रसायनावर सगळं भागत नाही हे तेव्हाच सूचित झालं होतं.

‘अमुक फ्रिक्वेन्सीनं काटा येतोच’

मोबाइलवर असे दावे फिरत असतात. मॉन्ट्रियलच्या प्रयोगात एकाला शहारे आणणारं संगीत दुसऱ्याला तुलनेसाठी ऐकवलं होतं, आणि ते त्याला अगदी कोरडं गेलं. ताकद एखाद्या आकड्यात असती तर तसं झालं नसतं. काळी एकमध्ये गाणारा गायक आणि काळी चारमध्ये गाणारी गायिका एकच राग गातात. दोघांचा षड्ज वेगळ्या कंपनसंख्येचा असतो, आणि काटा दोन्हीकडे येतो.

‘ज्याला काटा येत नाही तो अरसिक’

हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. बार्सिलोनातच 2014 साली अशा माणसांचा अभ्यास झाला ज्यांना संगीतातून आनंद मिळतच नाही. त्यांचे कान उत्तम होते, गाणं आनंदी आहे की दुःखी हे त्यांना ओळखता येत होतं, ती निराशेनं ग्रासलेलीही नव्हती. पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांची नाडी आणि घाम इतरांसारखेच बदलले. संगीताला मात्र शरीरानं दाद दिली नाही. पुढच्या अभ्यासात दिसलं की त्यांची बक्षीस-व्यवस्था शाबूत आहे, पण ऐकण्याच्या भागाशी तिचा संवाद क्षीण आहे. आणि या दोन टोकांच्या मधेही असंख्य माणसं आहेत, ज्यांना गाणं मनापासून आवडतं पण काटा क्वचितच येतो.

तेव्हा मैफलीत शेजारचा माणूस निश्चल बसला असेल तर त्याला गाणं कळत नाही असा शेरा मारू नका. आणि स्वतःच्या काट्याची जागा शोधायची असेल तर आवडती, शब्द नसलेली एखादी रचना घ्या, शहारा आला तो सेकंद टिपून ठेवा आणि काही दिवसांनी तीच पुन्हा लावा. या वेळी लक्ष त्या सुरावर ठेवू नका, त्याच्या आधीच्या दहा सेकंदांवर ठेवा.