‘ब्राह्मणेतर’ ते ‘ब्राह्मणपूर्व’ : शिरूरच्या सत्पुरुषाच्या निमित्ताने एका प्राच्यविद्या-कोटीची चिकित्सा

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांनी आशियातील धर्मांविषयी जे लेखन केले, त्याची चर्चा एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथानंतर प्रामुख्याने ज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधाच्या अंगाने होत आली आहे. सैद यांचा मुख्य भर पश्चिम आशियावर होता. भारताच्या संदर्भात, विशेषतः दख्खनच्या संदर्भात, त्यांची मांडणी जशीच्या तशी लावता येत नाही. येथील लेखकांमध्ये मिशनरी, लष्करी अधिकारी आणि मुलकी अधिकारी असे भिन्न हेतूंचे लोक होते. त्यांना माहिती पुरविणारे मात्र बहुधा मराठी भाषकच होते. म्हणून ‘युरोपीयांनी धर्म कल्पिला’ असे सरसकट विधान करण्यापेक्षा एखादी विशिष्ट कोटी कोणत्या पुराव्यावरून, कोणत्या तर्काने तयार झाली, हे तपासणे अधिक फलदायी ठरते. प्रस्तुत लेखात ‘ब्राह्मणपूर्व धर्म’ या एकाच कोटीचा विचार केला असून, तिची कसोटी पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील एका नोंदीच्या आधारे घेतली आहे.

१. स्टीव्हन्सन यांची मांडणी

रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात आले. मराठी आणि संस्कृत या दोन्ही भाषांचा त्यांचा व्यासंग होता. १८३३ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि पुढे जैनांच्या कल्पसूत्राचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. १८३९ पासून पुढील काही वर्षे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी दख्खनमधील हिंदूंच्या ‘ब्राह्मणपूर्व’ उपासनेवर लेखमाला लिहिली. गावाबाहेर शेंदूर आणि चुना लावलेल्या दगडांच्या वर्तुळात पूजला जाणारा वेताळ हे त्यांचे एक प्रमुख उदाहरण होते. त्या वर्तुळांची तुलना त्यांनी ब्रिटनमधील प्राचीन शिलावर्तुळांशी केली.

हे दैवत ब्राह्मणधर्माच्या आधीचे आहे, असे ठरविण्यासाठी त्यांनी वापरलेला तर्क थोडक्यात असा सांगता येईल. या देवाच्या ठिकाणी ब्राह्मण पुजारी नसतो. जुन्या संस्कृत ग्रंथांत त्याला स्थान नाही, किंवा असल्यास ते गौण आहे. अर्थात तो ब्राह्मणांनी आणलेला नाही. आणि ब्राह्मणांनी आणलेला नाही, म्हणून तो त्यांच्या आधीपासून आहे.

यातील पहिल्या तीन पायऱ्या निरीक्षणाच्या किंवा वाजवी अनुमानाच्या आहेत. चौथी पायरी मात्र वेगळ्या जातीची आहे. ‘ब्राह्मण नाही’ हे वर्तमानकाळातील सामाजिक वास्तव आहे. ‘ब्राह्मणांच्या आधी’ हे कालक्रमाचे विधान आहे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. ते निघते असे वाटण्यासाठी एक गृहीतक आधीच मान्य करावे लागते. ते असे, की ब्राह्मणेतर समाज नवे दैवत निर्माण करीत नाही, तो केवळ जुने जपून ठेवतो. स्टीव्हन्सन यांनी हे गृहीतक तपासले नाही. ते चूक आहे की बरोबर, हे पाहण्यासाठी आपल्याला असे एखादे ब्राह्मणेतर दैवत हवे, की ज्याच्या आरंभाचा काळ निर्विवादपणे ठाऊक आहे. असे उदाहरण शिरूरला आहे.

२. शिरूरचा सत्पुरुष

घोड नदीच्या काठी असलेल्या शिरूरला वसईच्या तहानंतरच्या (१८०२) काळात इंग्रजी फौजेचा तळ होता. तेथील अधिकारी कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये मरण पावले आणि शिरूरलाच त्यांचे दफन झाले. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये (१८८५) या थडग्याविषयी एक छोटी नोंद आहे. तिचा आशय असा, की वॉलेस यांचे स्मरण लोक ‘सत्पुरुष’ म्हणून करतात. ब्राह्मण आणि मारवाडी वगळता शिरूर व आसपासच्या गावांतील सर्व हिंदू या थडग्याची पूजा करतात. आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला वाटा तेथे नैवेद्य म्हणून आणतात.

आता या दैवताला स्टीव्हन्सन यांच्या कसोट्या लावून पाहू. ब्राह्मण पुजारी नाही. इतकेच नव्हे, तर ब्राह्मण या पूजेत सहभागीही नाहीत. संस्कृत ग्रंथांत या दैवताचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नाही. पूजेचे स्वरूप सुगीशी आणि गावशिवाराशी जोडलेले आहे. एखाद्या अभ्यासकाला थडग्यावरील नाव आणि साल न दिसता केवळ पूजाविधी दिसला असता, तर या तर्काने त्याने हा ‘सत्पुरुष’ ब्राह्मणपूर्व काळातील ग्रामदेव ठरविला असता. प्रत्यक्षात त्याची पूजा १८०९ च्या आधीची असूच शकत नाही. गॅझेटिअरच्या नोंदीपर्यंत तिचे वय फार तर पाऊणशे वर्षांचे होते.

हे एक उदाहरण वेताळ किंवा म्हसोबा अर्वाचीन आहेत असे सिद्ध करीत नाही, आणि तसा दावा येथे नाही. ते सिद्ध करते ते एवढेच, की ‘ब्राह्मणेतर’ हे लक्षण कालनिर्णयाला निरुपयोगी आहे. ज्या लक्षणाने अर्वाचीन दैवतही प्राचीन ठरते, ते लक्षण प्राचीनतेचा पुरावा होऊ शकत नाही.

३. एक नोंद, अनेक मथळे

शिरूरच्या नोंदीची भाषाही बारकाईने वाचण्यासारखी आहे. ‘सत्पुरुष’ आणि ‘नैवेद्य’ हे दोन शब्द मराठीतून तसेच आले आहेत. त्यांच्याभोवतीचे विवरण मात्र इंग्रजी कोटींचे आहे. नैवेद्य ज्याला अर्पण करावयाचा, तो तेथे संताचा आत्मा होतो. मराठी गावव्यवहारात सत्पुरुष, वीर, पीर, मुंजा, वेताळ यांच्यात भेद आहे. कोणाला नवस बोलावयाचा, कोणाला केवळ शांत ठेवावयाचे आणि कोणाला सुगीचा मान द्यावयाचा, हे त्या भेदावर ठरते. ‘आत्मा’ या एका इंग्रजी कोटीत हे सारे भेद पुसले जातात.

हे पुसले जाणे केवळ भाषांतराच्या अडचणीतून आलेले नाही. कॅम्पबेल यांचा स्वतःचा एक सिद्धान्त होता. श्रद्धा आणि रूढी यांच्या मुळाशी भुताखेतांची कल्पना आहे, हे मत त्यांनी स्वतंत्र लेखनातून विस्ताराने मांडले. दुसरीकडे, वऱ्हाडात अधिकारी असलेल्या आल्फ्रेड लायल यांनी तेथील धर्मजीवनावरील निबंधात मृत माणसे देवपदाला पोहोचण्याची प्रक्रिया अद्याप चालू असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे शिरूरचा सत्पुरुष कॅम्पबेल यांच्या दृष्टीने भूतकल्पनेचा अवशेष, लायल यांच्या दृष्टीने देवत्वाच्या शिडीची पहिली पायरी आणि स्टीव्हन्सन यांच्या तर्काने प्राचीन धर्माची खूण ठरतो. वस्तुस्थिती एकच आहे. मथळा बदलला की तिचा अर्थ बदलतो. यांपैकी लायल यांची मांडणी निदान नव्या दैवतांच्या निर्मितीला वाव देते, ही तिची जमेची बाजू म्हटली पाहिजे.

नोंदीतील ‘ब्राह्मण आणि मारवाडी वगळता सर्व हिंदू’ हा शब्दप्रयोगही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘हिंदू’ ही जनगणनेची कोटी येथे आधी गृहीत धरली आहे आणि मग तिच्यातून अपवाद वजा केले आहेत. गावकऱ्यांच्या बाजूने पाहिल्यास पूजा करणारे ‘हिंदू’ म्हणून नव्हे, तर त्या शिवारात पीक काढणारे म्हणून नैवेद्य आणीत असणे अधिक संभवनीय वाटते. मात्र त्या नोंदीत गावकऱ्याचा स्वतःचा शब्द नसल्याने हे अनुमानच राहते.

४. नावावरून इतिहास

दुसरी एक पद्धती म्हणजे नावावरून मूळ शोधणे. विठ्ठल हे नाव मूळचे संस्कृत नाही, पंढरपुरी जातिभेद शिथिल होतो आणि नवव्या म्हणजे बुद्धावताराच्या जागी विठ्ठलाचे चित्र दाखविण्याची प्रथा आहे, अशा बाबींच्या आधारे स्टीव्हन्सन यांनी १८४० च्या दशकात विठ्ठलभक्तांसाठी ‘बौद्ध-वैष्णव’ असे नाव योजिले. यातील अवताराची बाब त्यांनी कल्पिलेली नव्हती; मराठी परंपरेत विठ्ठलाला ‘बौद्ध’ अवतार म्हटले गेले आहेच. परंतु संतांच्या वापरात त्या शब्दाचा रोख मौन धरून उभ्या असलेल्या देवाकडे आहे. स्टीव्हन्सन यांनी त्याचा अर्थ त्याच सुमारास युरोपीय विद्वान नव्याने आकारास आणीत असलेल्या ऐतिहासिक बौद्ध धर्माशी जोडला. शब्द तोच राहिला, कोटी बदलली.

हा मोह आजच्या अभ्यासकालाही सुटलेला नाही. दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे फिरंगाई देवीचे प्रसिद्ध स्थान आहे. शेजारच्या तालुक्यात गोऱ्या अधिकाऱ्याची पूजा होत होती हे वाचल्यावर ‘फिरंगाई’ म्हणजेही फिरंग्यांशी संबंधित देवी असावी, अशी कल्पना सहज सुचते. पण मराठीत ‘फिरंग’ हे एका प्रकारच्या तलवारीचेही नाव आहे आणि शस्त्रधारी देवीला ते अधिक साजेसे आहे. शिरूरला थडगे आहे, मृत्यूचे साल आहे; कुरकुंभच्या बाबतीत नुसत्या नावावर उभे राहिलेले अनुमान कोणत्याही दिशेला झुकविता येते. म्हणून त्यावरून निष्कर्ष काढू नये.

५. निष्कर्ष योग्य, पद्धती सदोष?

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनाने खंडोबा, बिरोबा, विठ्ठल या दैवतांचा पशुपालक समाजाशी असलेला जुना संबंध पुढे आणला. मग स्टीव्हन्सन यांचेच म्हणणे खरे ठरले नाही काय? काही अंशी निष्कर्ष जुळतात. पुरावा मात्र जुळत नाही. सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या आणि कळपांचे मार्ग अभ्यासले. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात शिलालेख, स्थलपुराणे आणि लोककथा एकमेकांशी ताडून पाहिल्या. त्यांच्या मांडणीत ब्राह्मण पुजाऱ्याचा अभाव हा कालदर्शक पुरावा नाही. शिवाय दोघांनाही दैवत एका जागी गोठलेले दिसत नाही. ते नव्या समाजांना सामावून घेत बदलताना दिसते.

कोटी तयार झाल्यावर ती निर्मात्याच्या ताब्यात राहत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘गुलामगिरी’त (१८७३) महात्मा फुले यांनी खंडोबा, म्हसोबा यांना बळीराजाचे अधिकारी मानून ब्राह्मणांच्या आगमनापूर्वीच्या राज्याचे चित्र उभे केले. तेथे ‘आधीचा’ या शब्दाला न्यायाच्या मागणीचे बळ मिळाले. त्या मागणीचे मोल दैवतांच्या कालनिर्णयावर अवलंबून नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उलट, ती कालनिर्णयावर टांगून ठेवली, तर एखादे दैवत अर्वाचीन ठरताच मागणीही दुर्बळ होण्याचा धोका संभवतो.

समारोप

शिरूरच्या नोंदीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ‘ब्राह्मणपूर्व’ ही कोटी एका सामाजिक अभावाला काळाची पायरी समजण्यातून आकारास आली. दोन, प्राच्यवादाची टीका करताना सारे कर्तृत्व युरोपीयांकडे सोपविले, तर तीच चूक उलट्या बाजूने घडते. ज्या कुणब्यांनी एका परक्या सेनाधिकाऱ्याला ‘सत्पुरुष’ या आपल्या कोटीत बसविले आणि सुगीचा पहिला वाटा दिला, त्यांनीही वर्गीकरणच केले होते. गॅझेटिअरने त्यांचे वर्गीकरण नोंदविले आणि त्यावर स्वतःचे वर्गीकरण चढविले. असे जिल्हावार ग्रंथ वाचताना हे दोन थर वेगळे करणे, म्हणजे मराठी शब्द कोठे संपतो आणि इंग्रजी मथळा कोठे सुरू होतो हे पाहणे, ही स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाची पहिली पायरी होय.