मुलगी परदेशात, अर्ज आई-वडिलांचा : व्हिसा फॉर्ममध्ये ‘डिपेंडंट’ कोण आणि ‘स्पॉन्सर’ कोण?

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेळघाटच्या जंगलात सेमाडोह लागतं. उदाहरणादाखल इथलं एक कुटुंब धरा. वडील जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आई गृहिणी. घरी वडिलांची म्हातारी आई आहे. २० वर्षांचा मुलगा अमरावतीला होस्टेलवर राहून शिकतो. मोठी मुलगी नर्स असून इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. तिने दोघांना चार आठवड्यांसाठी बोलावलं आहे.

त्यासाठी ब्रिटनचा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजीत भरायचा असतो. त्यात dependant हा शब्द दिसला आणि वडील थांबले. मुलीला फोनवर म्हणाले, “तिकडचा सारा खर्च तूच करणार, मंग आम्हीच तुह्ये डिपेंडंट झालो ना?”

उत्तर ‘नाही’ असं आहे. पण वडिलांचा गोंधळ का झाला, हे समजून घेतलं तर पुढचा फॉर्म सोपा होतो.

गोंधळ नेमका कुठे होतो?

सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ‘अवलंबित’ हा शब्द नवा नाही. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीच्या कागदांत कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेले आई-वडील कुटुंबात धरले जातात. त्यामुळे मुलीकडे जाणारे आई-वडील म्हणजे तिचे अवलंबित, असा हिशेब डोक्यात आपोआप बसतो.

ब्रिटनच्या व्हिसा व्यवस्थेत मात्र ‘डिपेंडंट’ हा शब्द दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या अर्थांनी येतो.

पहिला अर्थ व्हिसाच्या प्रकाराशी जोडलेला आहे. मुलगी ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर गेली आहे. तिच्यासोबत राहण्यासाठी नवरा किंवा जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं ‘डिपेंडंट’ व्हिसा मागू शकतात. आई-वडील या यादीत बसत नाहीत. मुलीच्या मैत्रिणीचा नवरा ‘डिपेंडंट व्हिसा’वर लीड्सला आला, म्हणून तिचे आई-वडीलही तसे येतील, असं होत नाही. आई-वडिलांना कायमचं नेण्याचा एक वेगळा मार्ग आहे. पण त्यासाठी मूल ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायम वास्तव्याचा हक्क मिळालेलं वगैरे असावं लागतं. शिवाय रोजची कामंही दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत आणि तशी देखभाल भारतात मिळू शकत नाही, हे आई-वडिलांना सिद्ध करावं लागतं. चार आठवड्यांच्या भेटीशी त्याचा संबंध नाही.

दुसरा अर्थ व्हिजिटर फॉर्ममधल्या प्रश्नाचा आहे, आणि वडील अडले ते इथेच. हा प्रश्न उलट दिशेने विचारलेला असतो. ‘तुम्ही कोणावर अवलंबून आहात’ असं तो विचारत नाही. ‘पैशांसाठी तुमच्यावर कोण अवलंबून आहे’ असं विचारतो.

मग वडिलांनी कोणाची नावं लिहायची?

ज्यांचा खर्च वडिलांच्या पेन्शनमधून चालतो, त्यांची.

बायको त्यात येते, कारण तिचं स्वतःचं उत्पन्न नाही. म्हातारी आई येते. अमरावतीचा मुलगाही येतो. तो १८ च्या पुढे आहे, म्हणून अनेक जण त्याचं नाव गाळतात. पण १८ वर्षांची अट ‘डिपेंडंट व्हिसा’ मागणाऱ्या मुलांसाठी आहे. इथे प्रश्न फक्त पैशांचा आहे, आणि त्याची फी नि मेसचा खर्च वडीलच भरतात. लीड्सची मुलगी मात्र या यादीत येत नाही, कारण ती स्वतः कमावते.

प्रत्येक नावापुढे नातं, जन्मतारीख, ती व्यक्ती सोबत राहते का आणि सोबत प्रवास करणार आहे का, हे विचारलं जातं. बायकोपुढे ‘सोबत प्रवास करणार’ असं उत्तर येईल, आई आणि मुलापुढे ‘नाही’.

अवलंबित जास्त दिसले तर व्हिसा नाकारतील, या भीतीने काही जण इथे ‘कोणीही नाही’ असं लिहितात. अधिकारी या माहितीकडे दोन अंगांनी पाहू शकतो. एक, या माणसाचा महिन्याचा खर्च किती आणि हातात किती उरतं. दोन, भारतात परत येण्यासारखं त्याच्याकडे काय आहे. घरी म्हातारी आई आणि शिकणारा मुलगा असणं हे परत येण्याचंच कारण आहे. नावं लपवली तर तेच कारण अर्जातून निघून जातं. शिवाय खर्चाच्या रकान्यात मुलाच्या होस्टेलचे पैसे दिसले आणि अवलंबितांच्या रकान्यात मुलगाच नसला, तर दोन उत्तरं एकमेकांना खोटं पाडतात.

आईचा फॉर्म वेगळा असतो, कारण प्रत्येक प्रवाशाचा अर्ज स्वतंत्र भरायचा असतो. तिच्या फॉर्ममध्ये याच प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येईल. तिच्या पैशांवर कोणी अवलंबून नाही. एकाच घरातल्या दोन अर्जांत दोन वेगळी उत्तरं आली, तरी दोन्ही बरोबर आहेत.

‘स्पॉन्सर’ म्हणजे नक्की कोण?

गावात स्पॉन्सर म्हणजे कबड्डीच्या सामन्यांना पहिलं बक्षीस देणारा. व्हिसाच्या भाषेत मात्र हा शब्द व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे माणूस बदलतो.

मुलीच्या व्हिसात स्पॉन्सर म्हणजे तिचं हॉस्पिटल. परदेशी कर्मचारी घेण्याचा सरकारी परवाना असलेल्या मालकालाच तिथे स्पॉन्सर म्हणतात. विद्यार्थ्याच्या व्हिसात ती जागा विद्यापीठाची असते. भेटीच्या व्हिसात मात्र स्पॉन्सर म्हणजे प्रवासाचा खर्च किंवा त्याचा काही भाग उचलणारी व्यक्ती. म्हणून आई-वडिलांच्या अर्जात हॉस्पिटलचं नाव किंवा त्याचा परवाना क्रमांक स्पॉन्सर म्हणून टाकणं चूक आहे. हॉस्पिटल त्यांचा एक रुपयाही खर्च करणार नाही.

भेटीच्या व्हिसाला स्पॉन्सर असलाच पाहिजे, असाही नियम नाही. स्वतःच्या पैशांनी जाणाऱ्याला तो लागत नाही. दुसरं कोणी पैसे देणार असेल, तर नियम तीन गोष्टी पाहतो : त्या व्यक्तीशी खरं नातं किंवा ओळख आहे का, ती ब्रिटनमध्ये असेल तर तिथे कायदेशीर राहते का, आणि ती हा खर्च खरोखर करू शकेल आणि करेल का.

हिशेब कसा लिहायचा?

वडिलांची पेन्शन महिना ४२ हजार रुपये धरा. घरखर्च १६ हजार, मुलाचा ९ हजार, आईच्या औषधांचे ३ हजार, म्हणजे २८ हजार गेले. १४ हजार उरतात. दोघांच्या विमान तिकिटांना १ लाख ४० हजार लागतील आणि ते वडील आपल्या बचतीतून देणार आहेत. राहणं मुलीच्या घरी. जेवण आणि तिथला प्रवास यासाठी मुलगी दोघांचे मिळून ६०० पाउंड खर्च करणार आहे.

वडिलांच्या फॉर्ममध्ये, दुसरं कोणी खर्चात मदत करणार का, याचं उत्तर ‘हो’ येईल. देणारी व्यक्ती मुलगी, आणि रक्कम त्यांच्या वाट्याची, म्हणजे ३०० पाउंड. ‘सगळा खर्च मुलगी करेल’ असं लिहिणं सोपं वाटतं, पण ते खरं नाही. तिकिटांचे पैसे वडिलांच्या खात्यातून गेल्याचं बँकेच्या कागदावर दिसणारच.

आईच्या बाबतीत पैसे देणारे दोघं आहेत. तिकीट नवऱ्याकडून, तिथला खर्च मुलीकडून. दोन्ही वाटे लिहावेत. रकान्यात मावत नसेल, तर फॉर्मच्या शेवटी जादा माहितीसाठी जागा असते, तिथे दोन ओळींत हिशेब द्यावा.

खात्यात अमुक इतके लाख हवेत, असा ठरलेला आकडा व्हिजिटर व्हिसाच्या नियमात नाही. पैसा आला कुठून, हे पाहिलं जातं. अर्जाच्या आठवडाभर आधी नातेवाइकांकडून ४ लाख रुपये खात्यात टाकून घेतले, तर शिल्लक वाढते, पण शंकाही वाढते. दरमहा येणारी पेन्शन आणि जुनी मुदत ठेव यांचं वजन त्यापेक्षा जास्त असतं.

मुलीकडून कोणते कागद घ्यायचे?

एक साधं पत्र : कोण येणार, किती दिवसांसाठी, कुठे राहणार, कोणता खर्च कोण करणार. सोबत तिच्या पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, घराच्या भाडेकराराची प्रत आणि तिच्या ई-व्हिसाचा पुरावा. नातं दाखवायला तिचा जन्मदाखला किंवा पालकांची नावं असलेला पासपोर्ट चालतो.

मराठीतला सातबारा किंवा जन्मदाखला तसाच जोडता येत नाही. त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख आणि भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही नि संपर्क असावा.

दुसऱ्या देशांच्या फॉर्ममध्येही हेच अर्थ चालतात का?

नाही. कॅनडात अवलंबित मुलाची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे २२ वर्षांखाली आणि अविवाहित अशी आहे. अमेरिकेच्या भेटीच्या व्हिसात प्रवासाचा खर्च कोण करणार हे विचारतात, पण निर्णय अर्जदाराच्या स्वतःच्या देशातल्या पाळामुळांवर होतो. तिथल्या नातेवाइकाच्या हमीवर नाही. त्यामुळे शेजाऱ्याच्या कॅनडाच्या फॉर्मवरून ब्रिटनचा फॉर्म भरू नये.

पाठवण्याआधी काय तपासायचं?

फॉर्म परतवाड्याच्या सायबर कॅफेत भरला किंवा एजंटने भरला, तरी उत्तरांची जबाबदारी अर्जदाराचीच असते. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर पुढची १० वर्षं अर्ज नाकारले जाऊ शकतात. ब्रिटनमध्ये नातेवाईक आहेत का, हेही फॉर्म विचारतो. तिथे मुलीचं नाव न लिहिणं ही एजंटांकडून होणारी नेहमीची चूक आहे.

म्हणून दोघांच्या फॉर्मच्या प्रती आणि मुलीचं पत्र शेजारी शेजारी ठेवून वाचावं. प्रवासाच्या तारखा, तिकिटाचे पैसे देणारा आणि मुलीच्या वाट्याची रक्कम तिन्ही कागदांवर सारखीच हवी. वडिलांच्या अवलंबितांत तीन नावं असतील आणि आईच्या फॉर्ममध्ये एकही नसेल, तर तो रकाना बरोबर भरला आहे.