एस कुठे गेला?

परवा माझी भाची इंग्रजीचं पुस्तक घेऊन धावत आली. "मावशी, ही छपाईची चूक आहे ना?" तिने बोट ठेवलेलं वाक्य होतं, 'द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट ही वॉक डेली.'

तिची शंका अगदी रास्त होती. ही आणि शी आले की क्रियापदाला एस लागतो, हे आपण किती वेळा घोकलेलं असतं! ही वॉक्स, शी कम्स. मग इथला एस कुठे गेला? बरं, 'इन्सिस्टेड' हा भूतकाळ. मग निदान 'वॉक्ड' तरी हवं होतं. तेही नाही!

पण ती चूक नव्हती. तिथे मी मुद्दाम एस लावून पाहिला आणि वाक्याची गोष्टच बदलून गेली.

समजा, एका आजोबांचे गुडघे आखडलेत. डॉक्टर त्यांना बजावतात, "रोज चालायचं, कारणं सांगायची नाहीत." हे इंग्रजीत सांगताना म्हणायचं 'ही वॉक डेली', एसशिवाय. आता दुसरी गोष्ट. कुणीतरी म्हणतं, "ते आजोबा? ते तर घरातून हलतही नाहीत." डॉक्टरांना ते रोज पहाटे बागेत दिसतात. ते ठासून सांगतात, "छे, ते रोज चालतात!" इथे म्हणायचं 'ही वॉक्स डेली', एससकट. पहिल्या गोष्टीत आजोबा अजून चाललेले नाहीत, त्यांनी चालावं अशी डॉक्टरांची इच्छा आहे. दुसरीत ते चालतातच.

मराठीत आपण पहिल्यासाठी म्हणतो, 'आजोबांनी रोज चालावं असा डॉक्टरांनी आग्रह धरला.' 'चालतात' आणि 'चालावं' हा फरक आपल्या कानाला लगेच कळतो. आपल्या व्याकरणात 'चालावं'ला विध्यर्थ म्हणतात. इंग्रजीतल्या त्या बिनएसच्या रूपाचं नाव आहे सब्जंक्टिव्ह. सजेस्ट, इन्सिस्ट, डिमांड, म्हणजे सुचवणं, आग्रह धरणं, मागणी करणं, अशा क्रियापदांनंतर ते येतं. जे व्हावंसं वाटतं पण झालेलं नाही, त्याला भूतकाळ तरी कसा लावणार? म्हणून तिथे 'वॉक्ड'ही नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. आपल्याला वाटतं, इथला एस गळून पडला. पण तो तिथे कधी आलेलाच नव्हता! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'तो येतो' आणि 'त्याने यावं' यांची रूपं वेगळी होती. 'येतो'च्या शेवटी 'थ' असायचा, 'यावं'साठी साधारण 'कुमे' असं म्हणायचे. पुढे 'येतो'च्या 'थ'ची जागा हळूहळू एसने घेतली. तो एस इंग्लंडच्या उत्तर भागातल्या बोलींमधून आला. 'कुमे'च्या शेवटचा 'ए' मात्र झिजत झिजत नाहीसा झाला आणि मागे नुसतं 'कम' उरलं. आपण ज्याला अर्धवट समजतो, ते एक जुनं, स्वतंत्र रूप आहे.

झिजण्याचा तोटाही झाला. 'दे' घेतलं तर? 'द डॉक्टर इन्सिस्टेड दॅट दे वॉक डेली.' दे असताना एस तसाही नसतोच. मग ते चालतात की त्यांनी चालावं? नुसत्या या वाक्यावरून सांगता येत नाही! पुढचं-मागचं वाचावं लागतं. पण 'बी' आलं की शंका उरत नाही. 'शी इज रेडी' म्हणजे ती तयार आहे. आणि 'ही डिमांडेड दॅट शी बी रेडी' म्हणजे तिने तयार असावं अशी त्याची मागणी. नकार असेल तरी ओळखता येतं, कारण तेव्हा डू किंवा डज येत नाही, नुसता नॉट पुढे येतो: 'ही सजेस्टेड दॅट शी नॉट गो.' तिने जाऊ नये, असं त्याने सुचवलं.

सजेस्ट दिसलं की लगेच एस काढायचा, असं मात्र करू नका. 'हिज फेस सजेस्ट्स दॅट ही इज टायर्ड.' चेहऱ्यावरून तो दमलेला वाटतो. इथे चेहरा काही सुचवत नाही, नुसतं दाखवतो. म्हणून 'इज'च.

अमेरिकेतली माणसं हे बिनएसचं रूप सर्रास वापरतात. ब्रिटनमध्ये ते बोलण्यातून जवळजवळ गेलं होतं. विसाव्या शतकात ते पुन्हा दिसू लागलं, त्यात अमेरिकी इंग्रजीचा मोठा वाटा आहे. तरी तिथे बरेच जण 'शुड' घालून म्हणतात, 'दॅट ही शुड वॉक डेली.' तेही बरोबरच.

हे ऐकून भाचीने पुस्तक मिटलं, आणि लगेच परत उघडलं. "मावशी, म्हणजे आई 'इन्सिस्ट' करते की दादाने दूध प्यावं... थांब, ही ड्रिंक की ही ड्रिंक्स?"

मी विचारलं, "तो पितो का?"

"नाही."

"मग?"

"एस नाही!" ती ओरडली.